सगळं धरून सोळा हजार पाचशे: को-लिव्हिंगचा करार सही करण्याआधी नीट वाचताना

गेल्या नोव्हेंबरात भाचीने मला एक पीडीएफ पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, हे बरोबर आहे का?" ती खराडीच्या एका को-लिव्हिंगमध्ये, म्हणजे कंपनीने चालवलेल्या, सगळ्या सोयींसकट खोली देणाऱ्या जागेत राहत होती. नोकरी बंगळुरूला हलली म्हणून तिने खोली सोडली होती. डिपॉझिट ३३,००० रुपये भरलेलं होतं, आणि त्यातून परत मिळणार होते ८,५७० रुपये.

मी बरीच वर्षं पुण्यात भाडेकरारांच्या नोंदणीचं काम करतोय. नेहमीच्या अकरा महिन्यांच्या करारातली कलमं मला तोंडपाठ आहेत. पण तिच्या त्या कागदाच्या नावापासूनच वेगळेपण होतं. त्यावर 'सेवा करार' असं लिहिलेलं होतं. घरमालक, भाडं, भाडेकरू यांपैकी एकही शब्द सबंध करारात कुठे नव्हता. होते ते 'कंपनी', 'सदस्य' आणि 'मासिक फी' हे शब्द. ८,५७० चा हिशेब समजून घ्यायचा तर आधी हा फरक समजायला हवा.

महाराष्ट्रात आपण ज्याला सर्रास भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा कायद्याच्या भाषेत भाडेकरार नसतोच. तो लिव्ह अँड लायसन्स असतो. भाडेपट्ट्यात जागेचा हक्कच काही काळासाठी दुसऱ्याकडे जातो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, ताबा कायद्याने मालकाकडेच राहतो. ही व्याख्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. कागदावर नाव काहीही असलं तरी कोर्ट प्रत्यक्ष व्यवहार कसा आहे ते पाहतं. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या केशकर्तनालयाच्या जागेच्या वादात सांगितलं होतं. त्या कागदावर लायसन्स लिहिलेलं होतं, पण बहुमताने तो भाडेपट्टा ठरला.

तरीही आख्ख्या फ्लॅटच्या लिव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्रात एक भक्कम चौकट आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. उलट बाजूला मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पुण्यातल्या मध्यम भाड्याच्या फ्लॅटसाठी अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. या दोन हजारांत तुमच्या अटी सरकारी नोंदीत जातात.

को-लिव्हिंग या चौकटीच्या कडेला उभं आहे. त्याच कायद्यातल्या 'लायसन्सी'च्या व्याख्येतून काही लोक वगळलेले आहेत: पेइंग गेस्ट, आणि हॉटेल, लॉजिंग, हॉस्टेल, गेस्ट हाऊस यांत राहणारे. को-लिव्हिंग चालवणाऱ्या कंपन्या बहुधा इथेच बोट ठेवतात. आम्ही हॉस्टेलसारखी सेवा देतो, म्हणून नोंदणीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं असतं. पेइंग गेस्ट हा शब्द मात्र त्यांना तितका नीट बसत नाही, कारण कायद्यातला पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घराच्या एका भागात राहणारा. सदाशिव पेठेत आजी-आजोबांच्या घरात कॉट बेसिसवर राहणारा मुलगा पेइंग गेस्ट. पण बिल्डिंगमधले दहा फ्लॅट घेऊन कंपनीने त्यांच्या खोल्या केल्या, तर तिथे मालक राहत नाही. म्हणजे तुमच्या जागेला हॉस्टेल म्हणायचं की लायसन्सवरची खोली, यावर वाद होऊ शकतो. तो वाद आपण घालत बसावा असं मी म्हणत नाही. एवढंच लक्षात ठेवा की फ्लॅटच्या करारात जे कायदा आपसूक देतो, ते इथे कराराच्या ओळींतूनच मिळवावं लागतं.

तिथे तुम्हाला मिळतं काय, तेही वेगळं आहे. फ्लॅट घेतला की कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि मालक यायचा असेल तर फोन करून येतो. भाचीच्या करारात लिहिलेलं होतं की देखभालीसाठी कर्मचारी खोलीत येऊ शकतात, आणि गरज पडली तर कंपनी सदस्याला त्याच प्रकारच्या दुसऱ्या खोलीत, अगदी दुसऱ्या इमारतीतही हलवू शकते. फ्लॅटच्या करारात असं कलम कोणी सहन करणार नाही. इथे ते चालतं, कारण तुम्ही विशिष्ट खोली घेतलेली नसून 'एक खासगी खोली' या प्रकारची सेवा घेतलेली असते. निदान किती दिवस आधी सांगणार आणि किती अंतराच्या आत हलवणार, हे लिहून घ्यावं. खराडीत ऑफिस असलेल्या माणसाला वाकडला हलवलं तर त्याची रोजची तीन तासांची पायपीट सुरू होते.

'सगळं धरून' म्हणजे नेमकं काय

तिची फी महिना १६,५०० रुपये होती. त्यात फर्निचर, वायफाय, साफसफाई, पाणी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाईट हे सगळं धरलेलं होतं. फ्लॅट घेतला असता तर यातली प्रत्येक गोष्ट वेगळी भरावी लागली असती. शिवाय फर्निचर विकत किंवा भाड्याने घ्यावं लागलं असतं आणि ब्रोकरला एक महिन्याचं भाडं द्यावं लागलं असतं. एकट्या माणसाला आठ-दहा महिन्यांसाठी हे सगळं जमवायचं नसेल तर को-लिव्हिंग हा वाजवी पर्याय आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण 'लाईट धरून' या शब्दांना करारात एक मर्यादा होती: खोलीमागे महिन्याला ८० युनिट. त्यापुढच्या प्रत्येक युनिटला १६ रुपये. आता गणित करून पाहा. एसी तासाला साधारण एक युनिट घेतो असं धरलं आणि तो रात्री सात तास चालला, तर महिन्याला २१० युनिट नुसत्या एसीचे झाले. पंखा, गिझर, लॅपटॉप यांचे ४० धरले तर २५० होतात. मर्यादेवर १७० युनिट, म्हणजे २,७२० रुपये जादा. एप्रिल-मे महिन्यांत सोळा हजार पाचशेची खोली अशी एकोणीस हजारांच्या वर जाते. म्हणून विचारायचा प्रश्न "लाईट धरून आहे का" हा नाही. किती युनिट धरून आहेत, खोलीला स्वतंत्र मीटर आहे का, आणि पहिल्या दिवशीचं रीडिंग माझ्यासमोर घेणार का, हे विचारा. मीटरचा फोटो काढून ठेवायला अर्धा मिनिट लागतो.

फीत जेवण धरलेलं असेल तर त्याचंही तसंच. न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात का, हे बहुतेक करारांत लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं नसेल तर ते होत नाहीत. मेसमध्ये चार दिवस गावी गेलं की काका डब्याचे पैसे कापून घेतात, तशी सोय इथे गृहीत धरू नका.

एक मुद्दा जीएसटीचा. एका व्यक्तीमागे महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाच्या सेवेला, ती सलग किमान ९० दिवसांसाठी असेल तर, १५ जुलै २०२४ पासून जीएसटी माफ आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी राहणाऱ्याला ही माफी मिळत नाही. सहा महिन्यांचा करार करून दोन महिन्यांत निघाल्यास कर मागे लागेल का, हे सही करण्याआधीच लेखी विचारून ठेवावं. आणि जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल, तर पावतीवर राहण्याची रक्कम आणि जेवण-लाईटची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. सवलत भाड्यावर आहे, डब्यावर नाही.

नोटीस कधीपासून मोजली जाते

पैसे खरे जातात ते इथे, म्हणून भाचीचा हिशेब तारखांसकट सांगतो.

ती १० जूनला राहायला आली. करार अकरा महिन्यांचा, लॉक-इन, म्हणजे खोली न सोडण्याचा ठरलेला काळ, सहा महिन्यांचं, ९ डिसेंबरपर्यंत. नोटीस ३० दिवसांची. बदलीचं पत्र आल्यावर ३ ऑक्टोबरला तिने मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की मी महिनाअखेर जाते. त्याने होकाराचा अंगठा पाठवला. तिला वाटलं झालं. ३१ ऑक्टोबरला सामान काढून ती गेली.

करारात तीन गोष्टी होत्या. पहिली, नोटीस फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधूनच ग्राह्य. तिने ती अ‍ॅपमध्ये ११ ऑक्टोबरला टाकली, कोणीतरी सांगितल्यावर. दुसरी, नोटीशीचे ३० दिवस नोटीस दिल्याच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. म्हणजे ३ ऑक्टोबरला द्या किंवा ३० ला, मोजणी १ नोव्हेंबरपासून आणि शेवट ३० नोव्हेंबरला. नावाला ३० दिवसांची नोटीस महिन्याच्या सुरुवातीला दिली तर जवळजवळ ६० दिवसांची होते. तिसरी, लॉक-इन संपायच्या आत गेल्यास उरलेल्या काळाची फी द्यावी लागेल.

मग कंपनीने हिशेब असा केला. नोव्हेंबरची पूर्ण फी १६,५००. डिसेंबरच्या ९ दिवसांचे ४,७९०. दोन्ही मिळून २१,२९०. जाताना साफसफाई आणि रंगाचे ठरलेले २,५००. जादा ४० युनिटचे ६४०. हे सगळं ३३,००० मधून वजा केलं की ८,५७० उरतात. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती.

तरी तिच्या करारात एक वाईट कलम नव्हतं, जे मी दुसऱ्या एका करारात पाहिलं आहे: लॉक-इन संपल्यावरच नोटीस देता येईल. ते असतं, तर तिला १० डिसेंबरला नोटीस देता आली असती, मोजणी १ जानेवारीपासून झाली असती आणि सुटका ३० जानेवारीला. सहा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात पावणेआठ महिन्यांचं होतं. लॉक-इनचा आकडा वाचताना सोबत हे वाक्य आहे का ते बघायलाच हवं.

दुसऱ्या बाजूची नोटीसही पाहा. फ्लॅटच्या करारात दोन्ही बाजूंना एक महिना असा समतोल बहुधा असतो. भाचीच्या करारात कंपनीला मात्र 'नियमभंग झाल्यास तत्काळ' सेवा बंद करता येत होती, आणि नियम वेगळ्या जोडपत्रात होते. ते जोडपत्र कंपनी कधीही बदलू शकत होती. रात्री अकरानंतर पाहुणा आला, हाही नियमभंग. दाराचं कुलूप अ‍ॅपवर उघडत असेल तर तत्काळ म्हणजे खरोखर त्याच क्षणी. यावर कायद्यात आधार आहे. जागा वापरण्याचं लायसन्स रद्द झालं तरी, निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुखाधिकार कायद्याच्या कलम ६३ ने दिला आहे. पैसे देऊन घेतलेलं लायसन्स तुमची चूक नसताना मुदतीआधी संपवून बाहेर काढलं, तर कलम ६४ खाली भरपाई मागता येते.

मी तिला काय लिहायला सांगितलं

सही केलेला करार म्हणजे दगडावरची रेघ, असं तिला वाटत होतं. तसं नसतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारमोडीसाठी आधीच रक्कम ठरवून ठेवली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती ठरलेल्या रकमेच्या आत. मग प्रश्न येतो, कंपनीचं नुकसान किती झालं?

भाचीची मैत्रीण त्याच मजल्यावर राहत होती. तिच्याकडून कळलं की खोलीत १५ नोव्हेंबरला दुसरी मुलगी राहायला आली. म्हणजे खोली रिकामी राहिली १४ दिवस. दिवसाला ५५० रुपयांप्रमाणे ७,७०० झाले. कंपनीने कापले होते २१,२९०. एकाच खोलीचे, त्याच दिवसांचे पैसे दोन जणींकडून घेतले गेले होते. फरक १३,५९० रुपयांचा.

तिने कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. रागाचं एकही वाक्य नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ३ ऑक्टोबरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, अ‍ॅपमधल्या नोटीशीची पावती, खोली सोडतानाचा व्हिडिओ, खोली पुन्हा केव्हा भरली तो प्रश्न, कलम ७४ चा उल्लेख आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढंच त्यात होतं. शेवटी लिहिलं की उत्तर न आल्यास ग्राहक आयोगात जाईन. हे रिकामं धमकावणं नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येतच राहण्या-जेवणाची सोय येते. सेवेत त्रुटी असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि लहान रकमेच्या तक्रारीला फी नसते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर पुष्कळदा कंपनी तिथेच बोलायला येते. त्या कायद्यात 'अन्याय्य करार' अशीही एक संकल्पना आहे. अवाजवी डिपॉझिट, नुकसानाच्या मानाने भरमसाट दंड, किंवा एकाच बाजूला कारणाशिवाय करार संपवण्याची मुभा हे त्यात मोडतं. मात्र करारच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. भाचीच्या रकमेसाठी तो रस्ता लांबचा होता, म्हणून आम्ही जादा कपातीवरच बोट ठेवलं.

बाराव्या दिवशी १३,५९० रुपये तिच्या खात्यात जमा झाले. साफसफाईचे २,५०० त्यांनी दिले नाहीत. ती रक्कम करारात ठळक लिहिलेली होती आणि तिने ती वाचून सही केली होती, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. हा शेवट प्रत्येक वेळी असाच होईल असं नाही. खोली खरंच दोन महिने रिकामी राहिली असती तर कंपनीची बाजू बरीच भक्कम झाली असती.

आणखी एक गोष्ट फ्लॅट घेताना सहसा डोक्यात येत नाही, पण इथे यायला हवी. या व्यवहारात दोन नाही, तीन पक्ष असतात. इमारतीचा मालक, त्याच्याकडून ती चालवायला घेतलेली कंपनी, आणि तुम्ही. तुमचा करार फक्त कंपनीशी आणि डिपॉझिटही तिच्याकडे. कंपनीने मालकाचं भाडं थकवलं आणि मालकाने त्यांचा करार संपवला, तर तुम्ही वेळेवर पैसे भरूनही बाहेर जायची वेळ येते, आणि मालक म्हणतो, डिपॉझिट माझ्याकडे नाही. म्हणून कंपनीला लोक ठेवायची परवानगी देणारं मालकाचं पत्र आणि त्या दोघांच्या कराराची शेवटची तारीख बघायला मागा. तुमचे अकरा महिने त्या तारखेच्या आत संपायला हवेत. पूर्ण करार कोणी दाखवणार नाही. तारखेचं पान दाखवायला हरकत नसते, आणि तेही नाकारत असतील तर दोन महिन्यांचं डिपॉझिट तिथे ठेवायला मी तयार होणार नाही.

बंगळुरूला भाचीने पुन्हा को-लिव्हिंगच घेतलं. तिथले भाड्याचे कायदे वेगळे, पण करार वाचायची रीत तीच. या वेळी तिने करारात एक ओळ घालून घेतली, जी तिने मला आधी फोनवर वाचून दाखवली: "नोटीस ईमेलने पाठवल्याच्या तारखेपासून ३० दिवस मोजले जातील, ती लॉक-इनच्या काळातही देता येईल, शेवटच्या महिन्याची फी दिवसांच्या हिशेबाने घेतली जाईल आणि खोली मध्येच भरली गेल्यास त्या तारखेपासून फी आकारली जाणार नाही." मॅनेजर पहिल्यांदा म्हणाला, आमचा करार ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही. दोन दिवसांनी त्याच ओळीसकट सुधारलेली प्रत तिला सहीसाठी आली.